कारणे दाखवा नोटीस: आधी विचारायचं, मग ठरवायचं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड, चिंचोळीसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखानदारांना एक प्रश्न पडू लागला. ‘तीनशेपेक्षा कमी कामगार असले की आता स्थायी आदेश लागू नाहीत म्हणे. मग चोरी करताना सापडलेल्या माणसाला नोटीस तरी कशाला द्यायची? उद्यापासून येऊ नको म्हटलं की झालं.’

यातलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, दुसऱ्या वाक्यात मात्र नोकरी, पैसा आणि कोर्टातली पाच-सात वर्षं अडकू शकतात. स्थायी आदेश म्हणजे कारखान्यातल्या नोकरीची नियमावली: पाळ्या, रजा, कोणतं वागणं गैरवर्तन समजायचं आणि त्यावर कारवाई कशी करायची. १९४६ च्या जुन्या कायद्यानुसार महाराष्ट्रात पन्नास कामगारांपासून ती लागू होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली. म्हणजे छापील नियमावलीची सक्ती कमी झाली. पण माणसाचं म्हणणं ऐकून न घेता त्याला कामावरून काढलं तर ते काढणं न्याय्य होतं का, हे तपासण्याचा कोर्टाचा अधिकार तसाच आहे. चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने बडतर्फ करणं ही नव्या संहितेच्या अनुसूचीतही अनुचित प्रथा आहे आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातही. नैसर्गिक न्याय या भारदस्त शब्दाचा इथला अर्थ साधा आहे: आरोप काय ते आधी सांगा, उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्या आणि उत्तर येईपर्यंत निकाल ठरवू नका.

या तिन्ही गोष्टी ज्या एका कागदावर उतरतात तो कागद म्हणजे कारणे दाखवा नोटीस.

## हा कागद नेमका कशासाठी

नावातच घोटाळा आहे. ‘कारणे दाखवा’ म्हटलं की अनेकांना ती शिक्षेची पहिली पायरी वाटते, आणि लिहिणाराही मग शिक्षा सुनावल्यासारखाच लिहितो. प्रत्यक्षात तो एक प्रश्न आहे: तुमच्याबद्दल ही माहिती आमच्यासमोर आली आहे, यावर तुमचं म्हणणं काय?

याच घराण्यातले आणखी दोन कागद असतात आणि तिघांची सरमिसळ होते. नोटिशीचं उत्तर पटलं नाही तर आरोपपत्र दिलं जातं आणि त्यावर रीतसर चौकशी बसते. चौकशीत आरोप सिद्ध झाले तर, बडतर्फीसारखी शिक्षा करण्यापूर्वी, चौकशी अहवालाची प्रत देऊन ‘ही शिक्षा का देऊ नये’ असं विचारतात, तिला दुसरी कारणे दाखवा नोटीस म्हणतात. छोट्या आस्थापनांत पहिली नोटीस आणि आरोपपत्र एकाच कागदात देण्याची पद्धत आहे आणि तिला हरकत नाही. पण मग त्या कागदाला आरोपपत्राइतकाच नेमकेपणा हवा. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत आरोपपत्राबद्दल जी अपेक्षा आहे ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: कामगाराविरुद्ध दिसणारी परिस्थिती त्यात स्पष्टपणे मांडलेली असावी आणि त्याच्याकडून खुलासा मागितलेला असावा. परिस्थिती मांडायची, खुलासा मागायचा. इथे निष्कर्ष कुठेच नाही.

## एक प्रकरण घेऊ

समजा, अक्कलकोट रोडवर टेरी टॉवेलचा कारखाना आहे, कामगार ऐंशी. मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६. संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी मालाचा टेम्पो गेटवर येतो. गेटपास क्रमांक ४१२ वर २४ बंडल लिहिलेत, बिलावरही २४. वॉचमन मोजतो तर २६ भरतात. एका बंडलात ३० बाय ६० इंची ६० टॉवेल, म्हणजे १२० टॉवेल जास्त. कारखान्याच्या दराने नगाला ११० रुपये धरले तर माल १३,२०० रुपयांचा. गेटपासवर सही डिस्पॅच क्लार्कची आहे. माल मोजून टेम्पोत चढवून घेणं हे त्याचंच काम. टेम्पोचालक म्हणतो, ‘शेवटची दोन बंडलं क्लार्कसाहेबांनीच चढवायला सांगितली.’

मालक संतापतो, हे समजण्यासारखं आहे. आणि त्याच रात्री साधारण असा मजकूर टाइप होतो:

*‘तुम्ही दि. ३ रोजी कंपनीच्या मालाची चोरी केली असून कंपनीचा विश्वासघात केला आहे. यापूर्वीही तुम्ही असे अनेक प्रकार केले आहेत. तुमचे हे वर्तन लाजिरवाणे आहे. तुम्हाला कामावरून का काढू नये याचा खुलासा २४ तासांत करावा, अन्यथा तुम्हाला बडतर्फ करण्यात येईल.’*

चार वाक्यांच्या या मजकुरात चार मोठ्या चुका आहेत आणि प्रत्येकीची किंमत वेगळी आहे.

## पहिली चूक: पावती आधी, वजन नंतर

‘चोरी केली असून’ हा निकाल झाला. साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर चढण्याआधीच वजनाची पावती फाडून हातात दिली तर ऊसवाला काय म्हणेल? नंतर काटा कितीही बरोबर चालला तरी त्याचा त्या पावतीवर विश्वास बसणार नाही. नोटिशीचंही तसंच आहे. उत्तर मागणाऱ्यानेच उत्तराआधी निकाल लिहून ठेवला असेल तर पुढची सगळी चौकशी देखावा ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ओरिक्स फिशरीज या प्रकरणात हेच सांगितलं. ते प्रकरण कामगाराचं नव्हतं, मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीच्या नोंदणीचं होतं. तिथल्या कारणे दाखवा नोटिशीत दोष सिद्ध झाल्यासारखी भाषा होती. न्यायालयाचं म्हणणं असं की नोटीस देणाऱ्याचं मन उघडं असायला हवं आणि ते तसं आहे हे नोटिशीच्या शब्दांतून दिसायला हवं. बंद मनाने दिलेल्या नोटिशीनंतरची सुनावणी नुसता उपचार ठरतो. ते तत्त्व नोकरीतल्या नोटिशींनाही तितकंच लागू पडतं.

उपाय क्रियापदांत आहे. ‘तुम्ही केले आहे’ याऐवजी ‘असे आढळून आले’, ‘अशी नोंद आहे’, ‘असे सांगण्यात आले आहे’, ‘यावरून सकृद्दर्शनी असे दिसते’. पण प्रत्येक ओळीला ‘कथित’ जोडायची गरज नाही. टेम्पोत २६ बंडलं होती हे मोजलेलं आहे, ते सरळ लिहा. दोन बंडलं कोणी आणि कोणत्या हेतूने चढवली हे मोजलेलं नाही, तिथे ‘दिसते’ लिहा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि डोक्याने ताडलेलं यांतली ही रेघ ज्याला नीट ओढता आली त्याची नोटीस निम्मी झाली.

## दुसरी चूक: मोघम आरोप

‘यापूर्वीही अनेक प्रकार’ या शब्दांना माणूस उत्तर काय देणार? लाइट बिल आठवा. त्यावर मागचं रीडिंग, चालू रीडिंग, युनिट, दर असतो, म्हणून आपण ‘माझं रीडिंग चुकलंय’ असं भांडू शकतो. नुसतं ‘तुम्ही फार वीज वापरली, पाच हजार भरा’ असं बिल आलं तर भांडायचं तरी कशावर? सुरथचंद्र चक्रवर्ती विरुद्ध पश्चिम बंगाल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून कारवाई रद्द केली होती: आरोप मोघम होते आणि ते कोणत्या घटनांवर उभे आहेत याचा तपशील दिलेला नव्हता.

म्हणून नोटीस लिहिण्याआधी एक-दोन दिवस प्राथमिक माहिती गोळा करण्यात घालवावेत. आपल्या प्रकरणात ती अशी जमेल. गेटपासच्या तिन्ही प्रती समोर ठेवायच्या: चालकाची, गेटवरची आणि पुस्तकात राहिलेली. तिन्हींवर २४ आहे की एखादीवर खाडाखोड आहे, ते पाहायचं. वॉचमनच्या रजिस्टरमधली त्या वेळची नोंद पाहायची. वॉचमन आणि चालक यांचे जबाब त्यांच्याच शब्दांत लिहून, वाचून दाखवून, तारीख-वेळ घालून सही घ्यायची. आणि सर्वांत महत्त्वाचं, गोदामातला माल मोजायचा. तयार मालाच्या वहीत २१२ बंडल शिल्लक दिसतात आणि प्रत्यक्ष २१० भरतात, हे त्याच रात्री दोघांच्या सहीने लिहून ठेवलं तर तो टेम्पोतल्या दोन बंडलांना जोडणारा सर्वांत भक्कम दुवा ठरतो. तीच मोजणी आठवड्याने केली तर तिला काडीची किंमत राहत नाही, कारण मधल्या काळात माल आत-बाहेर झालेला असतो.

सीसीटीव्हीचं फुटेजही लगेच उतरवून घ्यावं. रेकॉर्डरची जागा भरली की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. बहुतेक ठिकाणी ते काही आठवड्यांतच जातं, तर चौकशी उभी राहायला महिने लागतात.

पूर्वीच्या प्रकारांचं काय? मागचे मेमो शिक्षा ठरवताना वापरायचे असतील तर ते तारखेसह आधी कळवावे लागतात. म्हैसूर राज्य विरुद्ध मंचे गौडा या १९६३ च्या निकालापासून हे मानलं जातं की पूर्वेतिहास कामगाराला न सांगता त्याच्याविरुद्ध वापरणं अन्यायाचं आहे. लेखी मेमो असतील तर तारखा लिहा. नसतील तर तो विषयच नको.

## तिसरी चूक: २४ तास

उत्तराला किती दिवस द्यावेत याचा सर्वांना लागू होणारा एकच आकडा नाही. आधी स्थायी आदेश, सेवानियम किंवा नेमणूकपत्र पाहावं. तिथे मुदत दिलेली असेल तर तीच पाळावी, एक दिवसही कमी नको. काही लिहिलेलं नसेल तर उशिरा येणं, विनापरवानगी गैरहजेरी अशा साध्या गोष्टींना ४८ तास ते तीन दिवस चालतात. नोकरी जाऊ शकते अशा आरोपाला सात दिवस द्यावेत. त्या माणसाला नोटीस समजून घ्यायची असते, युनियनच्या माणसाला किंवा वकिलाला गाठायचं असतं, कागद पाहायचे असतात. चोवीस तासांत हे होत नाही, आणि घाई केल्याचा आरोप कंपनीच्या अंगावर येतो.

मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजू नका, ती हातात पडल्यापासून मोजा. आणि नुसतं ‘सात दिवसांत’ लिहून न थांबता शेवटचा दिवस आणि वेळही लिहा. ७ तारखेला नोटीस मिळाली तर तो दिवस सोडून, १४ फेब्रुवारीला संध्याकाळी ५ पर्यंत. शेवटचा दिवस सुट्टीचा येत असेल तर पुढचा कामाचा दिवस धरा. सोलापुरात जानेवारीत हे विशेष पाहावं लागतं. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात दिवसांतले तीन-चार असेच निघून जातात आणि मग मुदत कागदावरच सात दिवसांची राहते.

कामगाराने लेखी मुदतवाढ मागितली आणि कारण पटण्यासारखं असलं तर एकदा द्यावी, तीही लेखी. कागदपत्रं पाहायला मागितली तर ती दाखवल्यापासून मुदत मोजावी. तीन-चार दिवस गेल्याने कंपनीचं काही बिघडत नाही. उलट ‘मला कागदच दाखवले नाहीत’ ही तक्रार तिथेच संपते.

## चौथी चूक: राग

‘लाजिरवाणे’, ‘विश्वासघात’, ‘तुमच्यासारखी माणसं’ हे शब्द लिहिताना बरं वाटतं. पुरावा म्हणून त्यांचं वजन शून्य असतं. उलट वर्षा-दोन वर्षांनी साहेब साक्षीला उभे राहिले की कामगाराचा वकील हाच परिच्छेद वाचून विचारतो, ‘हे लिहिलंत तेव्हा चौकशी झाली होती का?’ उत्तर ‘नाही’ असतं.

याचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. समोरच्या माणसाच्या घरात हा कागद वाचला जातो. बायको वाचते, वडील वाचतात. तो निर्दोष निघाला तर त्याला उद्या याच गेटमधून आत यायचं आहे. म्हणून ‘आपण’ लिहावं, पदाचा आणि नावाचा नीट उल्लेख करावा, आणि नोटीस बंद पाकिटात, त्याच्याच हाती द्यावी. ती नोटीस बोर्डावर चिकटवणं किंवा कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं यात विनाकारण बदनामी आहे, आणि तिचं वेगळं प्रकरण अंगावर येऊ शकतं.

## मग नीट नोटीस कशी दिसते

याच प्रकरणाची नोटीस आता अशी लिहिता येईल. वर कंपनीचं नाव-पत्ता, जावक क्रमांक, तारीख. मग कामगाराचं पूर्ण नाव, पद, कामगार क्रमांक आणि नोंदीतला घरचा पत्ता.

*विषय: दि. ३ फेब्रुवारी २०२६ रोजी गेटपास क्र. ४१२ वरील मालाच्या संख्येतील तफावतीबाबत खुलासा सादर करणेबाबत.*

*आपण डिस्पॅच क्लार्क या पदावर कार्यरत असून बाहेर जाणारा माल मोजून टेम्पोत चढवून घेणे व गेटपास तयार करणे ही कामे आपल्याकडे आहेत.*

*दि. ३ फेब्रुवारी २०२६ रोजी सायं. ७.४० वाजता गेटवर मालाची तपासणी केली असता टेम्पोत २६ बंडल आढळले. आपल्या सहीच्या गेटपास क्र. ४१२ वर व संबंधित बिलावर २४ बंडलांची नोंद आहे. जादा आढळलेल्या २ बंडलांत १२० टॉवेल असून त्यांची अंदाजे किंमत रु. १३,२०० आहे. त्याच रात्री केलेल्या मोजणीत गोदामातील तयार माल नोंदवहीपेक्षा २ बंडलांनी कमी आढळला. सदर दोन बंडल आपल्या सांगण्यावरून चढवण्यात आले, असे टेम्पोचालकाने आपल्या जबाबात म्हटले आहे.*

*वरील बाबींवरून सकृद्दर्शनी असे दिसते की, नोंद न करता कंपनीचा माल बाहेर पाठवण्याचा प्रयत्न झाला. हे सिद्ध झाल्यास ते कंपनीच्या मालमत्तेबाबत अप्रामाणिकपणा या स्वरूपाचे, अथवा पर्यायाने, कर्तव्यात गंभीर निष्काळजीपणा या स्वरूपाचे गैरवर्तन ठरू शकते.*

*तरी याबाबत आपले म्हणणे ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत, म्हणजे दि. १४ फेब्रुवारी २०२६ रोजी सायं. ५ वाजेपर्यंत, लेखी सादर करावे. आपण ज्यावर विसंबू इच्छिता ती कागदपत्रे सोबत जोडावीत. गेटपास, बिल, गेट रजिस्टरमधील नोंद, मोजणीचा तक्ता व जबाबांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद कार्यालयीन वेळेत पाहता येतील. मुदतवाढ हवी असल्यास कारणासह लेखी कळवावे.*

*आपल्या खुलाशाचा विचार करूनच पुढील निर्णय घेतला जाईल. मुदतीत खुलासा न आल्यास उपलब्ध माहितीच्या आधारे पुढील कार्यवाही करण्यात येईल. आरोप गंभीर असून ते चौकशीत सिद्ध झाल्यास सेवासमाप्तीपर्यंतची कारवाई होऊ शकते, याची नोंद घ्यावी.*

हा मजकूर एका पानात बसतो. त्यातल्या दोन जागा नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, ‘अथवा पर्यायाने’. अप्रामाणिकपणा सिद्ध करायचा तर हेतू दाखवावा लागतो आणि ते कठीण असतं. निष्काळजीपणा सिद्ध करायला, मोजण्याची जबाबदारी त्याची होती आणि मोजणी चुकली एवढं पुरतं. फक्त चोरीचा आरोप लावला आणि हेतू सिद्ध झाला नाही तर हातात काहीच उरत नाही. म्हणून पर्याय आधीच सांगून ठेवावा. मात्र नियमावलीतली सात-आठ कलमं एका ओळीत ठोकून देऊ नयेत. कोणत्या घटनेने कोणतं कलम मोडलं हे सांगता येत नसेल तर ते कलम नको. जिथे स्थायी आदेश लागू आहेत तिथे कलम क्रमांक जरूर लिहावा, कारण त्या यादीत नसलेल्या वागण्याला गैरवर्तन म्हणून शिक्षा करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या ग्लॅक्सो प्रकरणात सांगितलं आहे. स्थायी आदेश नसतील तर नेमणूकपत्रातली अट दाखवावी.

दुसरी जागा शेवटच्या परिच्छेदातली. संभाव्य शिक्षा सांगितली आहे, धमकी दिलेली नाही. ‘होऊ शकते’ आणि ‘करण्यात येईल’ यांत एका शब्दाचा फरक दिसतो, पण कोर्टात पहिला इशारा ठरतो आणि दुसरा पूर्वग्रह.

सही कोणाची हेही पाहावं. नेमणुकीचा किंवा शिस्तभंगाचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने सही करावी. ज्याने स्वतः टेम्पो पकडला तो साक्षीदार आहे. त्यानेच नोटीस द्यायची, त्यानेच चौकशी करायची आणि त्यानेच काढून टाकायचं, असं होऊ नये.

## सोलापूरची एक खास अडचण

यंत्रमाग आणि टॉवेलच्या धंद्यात तेलुगू बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कानडी आणि उर्दू बोलणारेही बरेच. मराठी बोलता येतं म्हणजे ‘सकृद्दर्शनी’, ‘पर्यायाने’ हे शब्द वाचून समजतात असं नाही. इंग्रजीतली नोटीस तर अशा माणसाच्या हातात न दिल्यासारखीच. त्याला वाचता येणाऱ्या भाषेत नोटीस किंवा तिचा अनुवाद द्यावा. लिहिता-वाचता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर त्याच्या भाषेत समजावून सांगावी आणि पोच कागदावर तसं लिहावं: ‘सदर मजकूर तेलुगूत वाचून व समजावून सांगितला’, खाली समजावणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही. या दोन ओळी नसल्या तर ‘मला काय लिहिलंय ते कळलंच नाही’ या बचावाला उत्तर राहत नाही. आणि पुष्कळदा तो बचाव खराच असतो.

## ‘रंगेहाथ सापडला, आता विचारायचं काय?’

बंडलं रंगेहाथ सापडली, माणूस नाही. तो काय उत्तर देऊ शकतो ते पाहा. ‘मागच्या खेपेला या गिऱ्हाइकाला दोन बंडल कमी गेले होते, मॅनेजरसाहेबांनी तोंडी सांगितलं म्हणून घातले, चिठ्ठी करायची राहिली.’ हे खोटं असू शकतं, खरंही असू शकतं. खरं-खोटं पाहायला मागच्या खेपेचं चलन आणि गिऱ्हाइकाचा एक फोन पुरे. हे उत्तर खरं निघालं तर दोष कार्यपद्धतीचा ठरतो. विचारलंच नसतं तर हे कोर्टात पहिल्यांदा कळलं असतं.

## ‘सात दिवसांत तो साक्षीदार फोडेल’

ही भीती रास्त आहे, पण मुदत कमी करणं हा त्यावरचा इलाज नाही. पुरावा आधी ताब्यात घ्या. तो वर सांगितलाच आहे. माणूस कामावर राहिल्याने चौकशीत अडथळा येईल असं खरंच वाटत असेल तर चौकशी होईपर्यंत त्याला निलंबित करता येतं. निलंबन ही शिक्षा नाही, असं पत्रात लिहावं आणि पत्र नोटिशीपासून वेगळं असावं. त्या काळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो: पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि कामगारामुळे उशीर झालेला नसेल तर त्यानंतर ७५ टक्के. जुन्या कायद्यात हे प्रमाण होतं, नव्या संहितेतही तेच आहे. नियमावलीत किंवा नेमणूकपत्रात निलंबनाचा अधिकारच लिहिलेला नसेल तर कामावर येऊ न दिलेल्या काळाचं पूर्ण वेतन द्यावं लागतं. लहान कारखान्यांत हा मुद्दा हमखास सुटतो. भत्ता न देता चौकशी रेटली तर तीच चौकशी उलटू शकते, कारण घरात पैसा नसलेला माणूस स्वतःचा बचाव करणार कसा?

## ‘पोलिसांत तक्रार दिली आहे, मग ही नोटीस कशाला?’

दोन्हींचा प्रश्न वेगळा आहे. गुन्हा घडला का, हे फौजदारी न्यायालय संशयापलीकडच्या पुराव्यावर ठरवतं. नोकरीचे नियम मोडले का, हे खात्यांतर्गत चौकशी शक्यतांच्या तुलनेवर ठरवते. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या पॉल अँथनी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मात्र आरोप गंभीर असेल, तथ्यं एकच असतील आणि कायद्याचे व वस्तुस्थितीचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील तर खात्याची चौकशी थांबवणं इष्ट असू शकतं, असंही तिथे म्हटलं आहे. म्हणून नोटिशीत ‘चोरी’ या फौजदारी शब्दापेक्षा ‘मालमत्तेबाबत अप्रामाणिकपणा’ हा नोकरीच्या नियमांचा शब्द सोयीचा.

## घेतलीच नाही, उत्तरच दिलं नाही, तर?

नोटीस हातात घ्यायला नकार दिला तर तिथेच तारीख, वेळ, जागा लिहून दोन साक्षीदारांच्या सहीने नोंद करावी. मग नोंदीतल्या घरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवावी. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्ट नोंदणीच्या सोयीसह आणि पोचपावतीसह करावं. पावती आणि परत आलेलं पाकीट जपून ठेवावं. पाकीट न उघडता. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर जोडीला चांगलं, पण फक्त त्यावर विसंबू नये.

उत्तर आलं नाही म्हणजे आरोप मान्य केला असा अर्थ होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही पुढे जाऊ शकता, म्हणजे आरोपपत्र देऊन चौकशी बसवू शकता. ‘चूक झाली, माफ करा’ असं उत्तर आलं तर तेही शब्द न्‌ शब्द वाचावं. मोजायची चूक झाली असं म्हणणं वेगळं आणि माल पळवला असं कबूल करणं वेगळं. कबुली बिनशर्त आणि स्पष्ट नसेल तर चौकशी टाळू नये. त्या चौकशीत काय हवं हे १९६३ च्या सुर इनॅमल निकालात सांगितलेलं आहे: आरोप स्पष्ट कळवलेले असावेत, साक्षी सहसा कामगाराच्या समोर व्हाव्यात, त्याला उलटतपासणीची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची संधी असावी, आणि चौकशी अधिकाऱ्याने कारणांसह निष्कर्ष लिहावेत. यातली पहिलीच अट या नोटिशीवर उभी आहे.

## नोटीस चुकली तर सगळं गेलं का?

लगेच नाही. चौकशी सदोष ठरली तरी मालकाला कोर्टासमोर नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मिळू शकते; १९७३ च्या फायरस्टोन निकालापासून हे मान्य आहे. पण ते प्रत्यक्षात कसं असतं ते पाहा. तीन-चार वर्षं उलटलेली असतात. टेम्पोचालक दुसऱ्या गावी, वॉचमनची एजन्सी बदललेली, फुटेज केव्हाच पुसलेलं. गेटपास सापडतो, पण तो कोणी लिहिला हे सांगणारं कोणी नसतं. मग आरोप खरा असूनही सिद्ध होत नाही आणि मागच्या पगारासह त्या माणसाला परत घ्यावं लागण्याची वेळ येऊ शकते. त्याची दुसरी बाजूही आहे: आरोप खोटा असेल तर तीच तीन-चार वर्षं तो माणूस ‘चोर’ हे नाव घेऊन सोलापूरच्या पूर्व भागात दुसऱ्या कारखान्यांच्या दारांत काम मागत फिरलेला असतो.